ग्रोथ हार्मोन जास्त झालं तर कुणी ताडमाड वाढतं, कुणाचे नुसते हात-पाय आणि जबडा. असं का?

अभि_सांगली

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझी आत्या, वय ४७, मिरजेला असते. गेली काही वर्षं तिला चपला लहान व्हायला लागल्या, आधी सहा नंबर लागायचा आता आठ, बांगड्या चढेनात, लग्नातली अंगठी शेवटी सोनाराकडे जाऊन कापून काढावी लागली. आम्ही सगळे म्हणायचो वजन वाढलंय, पन्नाशी जवळ आली, थायरॉईड बघून घे. थंडीतही घाम आणि घोरणं एवढं की काका हॉलमध्ये झोपायला लागले. शेवटी पकडलं कुणी तर दातांच्या डॉक्टरांनी. खालच्या दातांत फटी पडल्या होत्या आणि खालचा जबडा वरच्याच्या पुढे आला होता. त्यांनी जुना फोटो मागितला, चुलतबहिणीच्या लग्नातला दाखवला, तो बघून त्यांनी चिठ्ठी लिहून सरळ एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवलं.

आता रिपोर्टांची गंमत ऐका. मधल्या काळात माझ्या भावाने गूगल करून स्वतःच लॅबमधून तिची ग्रोथ हार्मोनची टेस्ट करून घेतली होती, ती आली ३.८, लॅबच्या रेंजच्या आत, म्हणून आम्ही निर्धास्त. एंडोक्राइनच्या डॉक्टरांनी तो कागद बघितलाही नाही, बाजूला ठेवला, म्हणाले आयजीएफ-१ करा. ती आली ६१२, आणि तिच्या वयाला वरची मर्यादा अडीचशेच्या आसपास लिहिली होती. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं, दोन तास. त्यात ग्रोथ हार्मोनचे आकडे असे: ४.१, ३.९, ४.४, ३.७, ४.०. एमआरआयमध्ये मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत १४ मिलिमीटरची गाठ. अ‍ॅक्रोमेगली म्हणाले. ऑपरेशन नाकातून होणारे.

उपचार चालू आहेत, त्याबद्दल विचारत नाहीये. माझे प्रश्न दोनच. एक, हार्मोन रेंजमध्ये आणि आयजीएफ अडीचपट, हे कसं काय? दोन, हेच हार्मोन जास्त झाल्यावर ती अमेरिकेतली माणसं नऊ-नऊ फूट वाढली म्हणतात, मग आत्याची उंची एक सेंटीमीटरपण का नाही वाढली?

सोन्या_फिटनेस

दुसऱ्याचं सोपं आहे भावा. उंची २१-२२ पर्यंतच वाढते, नंतर हाडं लॉक. म्हणून तर मी क्लायंटना सांगतो जे काय करायचं ते लवकर करा. ग्रोथ हार्मोन रात्री झोपेत आणि हेवी लेग डे नंतर सुटतं, ते हाडाला डायरेक्ट लागतं. पहिल्याचं म्हणशील तर लॅबची चूक असणार, दुसऱ्या लॅबमधून परत करा.

निशिगंध

लॅबची चूक नाही हो. ३.८ हा आकडा बरोबरच असणार, फक्त तो एकटा काही सांगत नाही. मी फिजिऑलॉजी शिकवून रिटायर झालेय, हा प्रश्न विद्यार्थ्यांना दरवर्षी अडायचा, जरा सविस्तर लिहिते.

ग्रोथ हार्मोन सतत वाहत नाही, झटक्याझटक्याने सुटतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस वरून पिट्युटरीला दोन हुकूम पाठवतो, एक सोड म्हणणारा, एक थांब म्हणणारा. थांब म्हणणारा तो सोमॅटोस्टॅटिन. झोप लागल्यावर पहिल्या गाढ झोपेत सगळ्यात मोठा झटका येतो (हे सोन्या यांनी बरोबर लिहिलंय, व्यायामाचंही), आणि दोन झटक्यांच्या मधे निरोगी माणसाच्या रक्तात ते जवळजवळ सापडतच नाही. शिवाय साधारण वीस मिनिटांत निम्मं होतं. म्हणजे तुम्ही सुई टोचली तेव्हा झटका चालू असेल तर निरोगी माणसाचंही ३.८ काय, त्याहून जास्त येईल, आणि झटका संपला असेल तर शून्याच्या जवळ. म्हणून लॅबला रेंज एवढी ऐसपैस ठेवावी लागते.

आत्यांचं बिघडलंय ते हे की त्यांचं कधी खाली जातच नाही. त्या पाच आकड्यांकडे परत बघा. ४.१, ३.९, ४.४, ३.७, ४.०. साखर पोटात गेल्यावर निरोगी माणसाचं ग्रोथ हार्मोन १ च्या खाली घसरतं, हल्लीच्या बारीक मोजणाऱ्या किटवर तर ०.४ च्या खाली अपेक्षित असतं. इथे साखर पाजली काय नाही पाजली काय, गाठीला फरक पडला नाही. एकेक आकडा सुटा बघितला तर साधा दिसतो, पण दिवसाचे चोवीस तास तेवढंच रक्तात राहिलं तर ते भयंकर जास्त आहे.

आणि आयजीएफ-१, ज्याला जुन्या पुस्तकात सोमॅटोमेडिन-सी म्हणायचे, ते यकृत बनवतं, ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून. ते रक्तात एकटं फिरत नाही, दोन प्रथिनांच्या गठ्ठ्यात बांधलेलं असतं, त्यामुळे मिनिटांत नाही, तासन्‌तास टिकतं. सकाळी घ्या, संध्याकाळी घ्या, आकडा फार हलत नाही. ग्रोथ हार्मोनने दिवसभरात जे काही केलं त्याची बेरीज तिथे दिसते. डॉक्टरांनी तो पहिला कागद बाजूला ठेवला त्याचं कारण हे.

वरदाची_आई

बापरे, हे वाचून पोटात गोळाच आला. आमचा मुलगा आत्ता १३ चा आहे आणि ५ फूट ८ इंच!! गेल्या वर्षभरात तीनदा बूट घेतले. शाळेत सगळ्यात मागे उभा असतो. घाम पण खूप येतो. त्याची आयजीएफ करून घेऊ का? की ते ग्लुकोजवालं? आणि ते उंचीचं इंजेक्शन म्हणतात ते याच्या उलट असतं ना, म्हणजे उंची थांबवायला?

निशिगंध

ताई, आधी शांत व्हा. बाबा किती उंच आहेत? मुलाला आवाज फुटायला लागलाय का, मिसरूड वगैरे?

वरदाची_आई

बाबा ६ फूट १, मी ५-७. आवाज गेल्या दिवाळीपासून घोगरा झालाय. मिशी आहे थोडी.

निशिगंध

मग चित्र बरंचसं वेगळं आहे. उंच आईबापाचा मुलगा वयात येताना भरभर वाढणारच, आणि पाय आधी वाढतात, बूट लहान होणं हे त्या वयाचं ठरलेलंच. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, घरच्या घरी आयजीएफ करायला जाऊ नका. वयात येताना ती निरोगी मुलांतही मोठ्या माणसांच्या दुपटी-तिपटीवर जाते, आणि लॅबने चुकून मोठ्यांची रेंज छापली तर तुमची झोप उडेल. बालरोगतज्ज्ञांकडे जा, ते दर वर्षी किती सेंटीमीटर वाढला ते आलेखावर मांडतील आणि गरज वाटली तर डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतील. आधीच्या वर्षांची शाळेतली उंची कुठे लिहिलेली असेल तर ती घेऊन जा, तिचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. लहानपणापासून एकाच रेषेवर चाललाय की अचानक रेष सोडून वर निघालाय हे त्यावरून कळतं.

आणि उंचीचं इंजेक्शन म्हणजे खुद्द ग्रोथ हार्मोनच, कमी असलेल्या मुलांना देतात. थांबवायचं नाही ते.

सोन्या_फिटनेस

आमच्या एरियात १७-१८ च्या पोरांना देतात की, सहा फूट करतो म्हणून. फरक पडतो म्हणे.

निशिगंध

हाडाचं टोक उघडं असेल तर थोडा पडेलही. बंद झालं असेल तर उंचीला काहीही फरक पडणार नाही, आत्यांना जे आपोआप झालं ते त्या पोराला पैसे देऊन होईल. आणि इंजेक्शन देण्याआधी मनगटाचा एक्स-रे कुणी काढत नसेल, तर तिथून उठून यावं.

अभि, तुमचा दुसरा प्रश्न इथेच येतो. लांब हाडाच्या दोन्ही टोकांना, गुडघ्याच्या थोडं वर-खाली धरा, कूर्चेची एक पातळ चकती असते. तिच्यात पेशी उभ्या रांगांत रचलेल्या असतात, एका बाजूला त्या दुप्पट होत राहतात, मधे फुगतात आणि दुसऱ्या बाजूला मरून त्यांच्या जागी हाड बनतं. असं करत करत हाड लांबतं. ग्रोथ हार्मोन आणि आयजीएफ दोन्ही त्या रांगांना पुढे रेटतात. पण ती चकती बंद करायचं काम त्यांचं नाही. ते करतं इस्ट्रोजेन. मुलग्यांमध्येही इस्ट्रोजेनच, टेस्टोस्टेरॉनचाच काही भाग शरीरात इस्ट्रोजेन होतो. मुलींची चकती साधारण १४-१५ ला, मुलग्यांची १६-१७ ला संपते. एकदा संपली की तिथे सलग हाड, मग कितीही हार्मोन ओता, लांबायला जागाच नाही. सोन्या यांनी २१-२२ लिहिलंय, बहुतेकांचं त्याच्या बरंच आधी आटोपतं.

फर्स्ट_इयरची_पीडा

मी एमबीबीएस पहिल्या वर्षाला, नागपूर. मॅडम मला एक कळत नाही, मग 'वयात येण्याआधी झालं तर जायगँटिझम, नंतर झालं तर अ‍ॅक्रोमेगली' हे जे आम्ही घोकतो ते चूक आहे का? कारण मुलगा १३ ला वयात येतो पण चकती १६-१७ ला बंद होते म्हणता, मग मधल्या तीन-चार वर्षांत गाठ आली तर कशात धरायचं?

निशिगंध

छान पकडलंस. रेघ वयात येण्याची नाहीच, चकती बंद होण्याची आहे. मधल्या वर्षांत गाठ आली तर दोन्ही एकदम दिसतं, उंचीही वाढते आणि जबडा-हातही रुंदावतात. आणि लहानपणी गाठ येऊन उंच झालेला माणूस वेळेत उपचार न होता तिशीत गेला की त्याला वरून अ‍ॅक्रोमेगलीही होते. आजार एकच.

विदर्भाचा_बाप्पा

मग खली काय म्हणायचा? उंची पण आन जबडा पण. त्याचं २०१२ साली अमेरिकेत पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन झाल्याच्या बातम्या होत्या.

इतिहासवेडा

बाप्पा, उदाहरण चपखल. या विषयातल्या दोन जुन्या माणसांबद्दल लिहायचा मोह आवरत नाही.

पहिला रॉबर्ट वॉडलो, अमेरिकेत इलिनॉयमधल्या आल्टन गावचा, जन्म १९१८. जन्मला तेव्हा वजन अगदी साधं. पुढे लहानपणीच बापाला मागे टाकलं. १९४० च्या जूनमध्ये मोजला तेव्हा २७२ सेंटीमीटर, म्हणजे ८ फूट ११ इंच, वय २२ आणि तरीही वाढतच होता. त्याच जुलैमध्ये गेला. कशाने, तर पायाला आधाराची पट्टी बांधायचे ती घोट्याला घासून फोड झाला, पायांची जाणीव कमी असल्याने लक्षात आलं नाही, आणि जंतुसंसर्ग अंगभर पसरला. तेव्हा अँटिबायोटिक्स हाताशी नव्हती.

दुसरा चार्ल्स बर्न, आयर्लंडचा, १७६१ ते १७८३. लंडनमध्ये लोक पैसे देऊन त्याला बघायला यायचे. मेल्यावर आपलं शरीर सर्जन जॉन हंटरच्या हाती लागू नये अशी त्याची इच्छा होती, पण हंटरने ते मिळवलंच, आणि सांगाडा पुढे लंडनच्या म्युझियममध्ये दोनशेहून जास्त वर्षं राहिला. १९०९ मध्ये हार्वी कुशिंग या मेंदूच्या सर्जनने त्याची कवटी उघडायला लावली, तर पिट्युटरी बसते तो खड्डा मोठा झालेला. आणि २०११ मध्ये त्याच्या दातातून डीएनए काढून बघितला तेव्हा एआयपी नावाच्या जनुकातला बिघाड सापडला, आणि तोच बिघाड आजही उत्तर आयर्लंडमधल्या काही घराण्यांत चालत आलाय.

निशिगंध मॅडम, माझा प्रश्न असा की मुलग्यांची चकती १६-१७ ला बंद होते तर वॉडलो २२ ला कसा काय वाढत होता?

निशिगंध

या प्रश्नाची मी वाटच बघत होते.

पिट्युटरी एवढीशी, वाटाण्याएवढी. तिच्यात गाठ वाढली की शेजारच्या पेशी दाबल्या जातात, आणि ज्या पेशी अंडकोष किंवा बीजांडांना जागं करणारे हार्मोन सोडतात त्या या दाबात लवकर माघार घेतात. म्हणजे मुलगा वयात यायलाच उशीर होतो, किंवा नीट येतच नाही. वयात आला नाही म्हणजे इस्ट्रोजेन नाही, इस्ट्रोजेन नाही म्हणजे चकती बंद होत नाही. एकीकडे रेटणारं हार्मोन दुप्पट-तिप्पट आणि दुसरीकडे थांबवणारं गायब. गाठीने दोन्ही बाजूंनी काम केलं. अति उंच रुग्णांमध्ये पायांची लांबी धडाच्या मानाने जास्त दिसते ती यामुळेच, चकत्या वर्षानुवर्षं उघड्या राहतात.

याचा उलटा पुरावाही आहे. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची केस प्रसिद्ध झाली, त्याच्या पेशींना इस्ट्रोजेन ऐकूच येत नव्हतं, त्याचा रिसेप्टर बिघडलेला. उंची २०४ सेंटीमीटर, हाडांचं वय १५ आणि अजून सावकाश वाढत होता. त्याला गाठ-बिठ काही नव्हती. नुसती चकती उघडी राहिली म्हणून एवढी उंची.

फर्स्ट_इयरची_पीडा

ओह!! हे आमच्या नोट्समध्ये कुठेच नाहीये.

नाशिकचा_बंडू

अभिजी, मी यातून गेलोय म्हणून लिहितो. मला कळलं तेव्हा चाळिशी उलटली होती. त्याआधी शुगरचा डॉक्टर वेगळा, बीपीचा वेगळा, हाताला मुंग्या येतात म्हणून मनगटाचं ऑपरेशन पण करून झालं होतं, आणि कुणीच माझ्या तोंडाकडे नीट बघितलं नाही. रोज बघणाऱ्या बायकोला कळत नाही, तो बदल इतका हळू होतो. दुबईहून सहा वर्षांनी आलेल्या मेव्हण्याने दार उघडल्या उघडल्या विचारलं, तुझा चेहरा असा का झालाय. तिथून सुरुवात.

ऑपरेशननंतर काय परत जातं आणि काय नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर सांगतो. दवाखान्यात असतानाच लघवीला सारखं जाणं झालं आणि अंगठी बोटात फिरायला लागली, आठवड्याभरात चेहऱ्याची सूज उतरली, घाम बंद, घोरणं कमी. शुगरच्या गोळ्या अर्ध्या झाल्या. पण जबडा आहे तिथेच आहे, बुटाचा नंबर पण एकानेच उतरला, आणि गुडघे कायमचे गेले. हे असं का ते मॅडमनी सांगावं. माझी गाठ शेजारच्या रक्तवाहिनीला बिलगलेली होती, सगळी निघाली नाही, म्हणून महिन्याला एक इंजेक्शन चालू आहे कुल्ल्यात. त्याने पित्ताशयात खडे झालेत पण आयजीएफ रेंजमध्ये आलंय.

निशिगंध

बंडूजी, तुमच्या बोटात दोन वेगळ्या गोष्टी वाढल्या होत्या. एक, त्वचेखालचा मऊ भाग, तिथे मीठ-पाणी धरून राहतं आणि चिकट पदार्थ साठतो, ते हार्मोन उतरलं की दिवसांत ओसरतं. लघवी वाढली ती त्यामुळेच. दुसरं, खरंखुरं हाड. चकती गेली तरी हाडावरचं पातळ आवरण आयुष्यभर नवं हाड चढवू शकतं, म्हणून बोटं जाड होतात, भुवयांवरचा कंगोरा पुढे येतो. जबड्याची गोष्ट आणखी वेगळी, कानापुढे त्याचा जो सांधा आहे तिथली कूर्चा मोठेपणीही वाढू शकते, म्हणून जबडा खरोखर लांबतो आणि खालचे दात पुढे जातात. चढलेलं हाड परत उतरत नाही. गुडघ्यात आधी कूर्चा जाड होते, मग ती जाड झालेली ओबडधोबड कूर्चा फाटत जाते.

आत्यांची उंची का नाही वाढली याचं उत्तर तेच आहे. हार्मोन तेच, तेवढंच, पण आता त्याला काम करायला उरलेल्या जागा या आहेत.

आणि तुमचं इंजेक्शन म्हणजे त्या 'थांब' म्हणणाऱ्या सोमॅटोस्टॅटिनचीच टिकाऊ नक्कल. खरं सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटं टिकतं, म्हणून औषध म्हणून कुचकामी.

अभि_सांगली

बंडूजी, मनापासून आभार. आत्याला वाचून दाखवलं, ती म्हणाली जबडा राहू दे, घाम गेला तरी पुरे.

मॅडम एक राहिलं. आयजीएफ जास्त झालं की शरीराला कळायला नको का? म्हणजे कुठेतरी ब्रेक लागत असेल ना?

निशिगंध

लागतो की. गच्चीवरच्या टाकीच्या फ्लोटसारखं आहे, पाणी भरलं की फ्लोट वर येऊन वाल्व बंद करतो. इथे आयजीएफ वाढलं की ते हायपोथॅलॅमसला सांगून सोमॅटोस्टॅटिन वाढवतं आणि थेट पिट्युटरीलाही दाबतं. गाठीच्या पेशी ते ऐकत नाहीत. साधारण चाळीस टक्के गाठींत एका प्रथिनातला बिघाड सापडतो, तो 'सोड' हा हुकूम आल्यासारखं आतून सतत चालू ठेवतो, वरून हुकूम आला नसला तरी. बाकीच्या गाठींची कारणं वेगवेगळी आहेत, बरीच अजून नीट माहीत नाहीत. मजा म्हणजे त्याच पिट्युटरीतल्या उरलेल्या निरोगी पेशी इमानेइतबारे ब्रेक पाळून गप्प बसलेल्या असतात.

फर्स्ट_इयरची_पीडा

मॅडम म्हणजे साखळी अशी ना, ग्रोथ हार्मोन, मग यकृत, मग आयजीएफ, मग हाड? सोन्याभाऊंचं 'डायरेक्ट लागतं' हे चूक.

सोन्या_फिटनेस

अरे मी सगळं वाचलंय एका फॉरेन कोचच्या चॅनेलवर, डायरेक्टच लागतं.

निशिगंध

भांडू नका, दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे.

१९५७ मध्ये सॅमन आणि डॉहडे या दोघांनी एक साधा प्रयोग केला. पिट्युटरी काढलेल्या उंदरांची कूर्चा घेतली आणि ती गंधकाचं मूलद्रव्य किती ओढून घेते ते मोजलं, कारण वाढणारी कूर्चा ते ओढते. त्यावर थेट ग्रोथ हार्मोन टाकलं तर फारसं काही झालं नाही. पण ग्रोथ हार्मोन टोचलेल्या उंदराचं सीरम टाकलं तर ओढायला लागली. म्हणजे मधे रक्तात कुणीतरी दलाल आहे. त्या दलालाला १९७२ मध्ये सोमॅटोमेडिन हे नाव मिळालं, आणि पुढे त्यातलं मुख्य ते आयजीएफ-१ निघालं. पीडा, तुझी साखळी तिथून आली.

मग १९९९ मध्ये असे उंदीर बनवले की ज्यांच्या फक्त यकृतात आयजीएफ बनत नाही. रक्तातलं आयजीएफ एक चतुर्थांशावर आलं. आणि उंदीर? जवळजवळ नेहमीएवढेच वाढले. म्हणजे कूर्चा आपल्यापुरतं आयजीएफ तिथल्या तिथे बनवते, आणि ग्रोथ हार्मोन तिच्या राखीव पेशींवर थेटही काम करतं. पण यकृताचं आयजीएफ बिनकामाचं म्हणावं तर तेही नाही, त्याच उंदरांमध्ये ब्रेक न लागल्याने ग्रोथ हार्मोन खूप वाढलं होतं, त्याने भरपाई झाली का, हा वाद आहेच.

फर्स्ट_इयरची_पीडा

मग परीक्षेत काय लिहू?

निशिगंध

यकृत लिही, आणि खाली एक ओळ 'स्थानिक आयजीएफही महत्त्वाचं'. तपासणारा कोण आहे त्यावर मार्क.

विदर्भाचा_बाप्पा

एक इचारू का. आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर येते की उपवास केला की ग्रोथ हार्मोन पाचपट होते, म्हातारपण येत नाही. खरं हाय का?

निशिगंध

वाढतं, ते खरं आहे. पण उपाशी राहिल्यावर ग्रोथ हार्मोन वाढतं ते चरबी वितळवून इंधन काढायला, आणि काही दिवस पोट रिकामं राहिलं की यकृत त्याचं ऐकायचं थांबवतं, त्यामुळे आयजीएफ उलट पडतं. यकृताला आयजीएफ बनवायला इन्शुलिन आणि प्रथिनं लागतात. कुपोषित मुलांमध्ये हेच दिसतं, ग्रोथ हार्मोन चढं, आयजीएफ तळाला आणि मूल वाढत नाही. आणि तुमच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी असेल तर ग्रोथ हार्मोनच्या दृष्टीने तो उपवास नाहीच, साखर चढली की ते बसतं. आत्यांना ग्लुकोज पाजलं ते त्यासाठीच.

हे अभिलाही उपयोगी पडेल. यकृताचा आजार, फार बिघडलेली शुगर, किंवा तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या, यातलं काही असेल तर आयजीएफ खोटं कमी दिसू शकतं. आत्या पाळीसाठी वगैरे गोळ्या घेत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अभि_सांगली

नाही, गोळ्या फक्त बीपीची. ऑपरेशनची तारीख मिळालीये, पुढच्या महिन्यात. सर्जन म्हणाले गाठ मधोमध आहे, डोळ्यांच्या नसेपासून लांब, सगळी निघायची शक्यता चांगली. नंतर ग्रोथ हार्मोन लगेच बघतील पण आयजीएफ तीन महिन्यांनी, कारण ते सावकाश उतरतं.

एक शंका. ऑपरेशनच्या आधी बंडूजींसारखं इंजेक्शन दोन-तीन महिने देऊन गाठ आकसवून घ्यावी असं दुसरे एक डॉक्टर म्हणाले. आमचे सर्जन म्हणतात गरज नाही, थांबू नका. कुणाचं ऐकायचं?

नाशिकचा_बंडू

मला दिलं होतं आधी. फायदा झाला का माहीत नाही. भूल देणाऱ्यांनी सांगितलं जीभ आणि घसा थोडा उतरला म्हणून नळी घालायला सोपं गेलं, एवढंच.

निशिगंध

यावर एंडोक्राइनवाल्यांचंच एकमत नाही, आणि मी तर क्लिनिकवाली नव्हे. १४ मिलिमीटरची, बाजूला न पसरलेली गाठ असेल आणि सर्जनचा या ऑपरेशनचा हात रोजचा असेल तर बरेच जण थेट करतात. पण घोरणं एवढं आहे म्हणता, तर भूलतज्ज्ञांना आधीच भेटा आणि झोपेत श्वास अडकतो का त्याची तपासणी झालीये का ते विचारा. सर्जनना हेही विचारा की ते महिन्याला अशा किती पिट्युटरी करतात. विचारायला लाजू नका.

वरदाची_आई

मुलाच्या शाळेचं जुनं प्रगतीपुस्तक सापडलं, त्यात दरवर्षीची उंची लिहिलीये! पहिलीपासून. शनिवारी डॉक्टरांकडे जातोय. पण मॅडम तो मनगटाचा एक्स-रे डाव्याच हाताचा का, मुलगा डावखुरा आहे तर उजव्याचा चालेल ना?